मनातल्या मनात मोजलेलं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये मी इन्स्पेक्शनला आहे. सतरा वर्षं झाली. लोखंडाचा चुरा संध्याकाळी झाडून काढता येतो, किस्से झाडता येत नाहीत, ते साठतच जातात. त्यातले निम्मे एकाच गोष्टीवर येऊन थांबतात, कुणी कुणासाठी काय केलं आणि समोरच्यानं त्याची दखल घेतली की नाही!

आमच्याकडं माणूस समोरच्यासाठी काहीही करतो. करून झालं की "त्यात काय एवढं!" म्हणतो. आणि मग घरी जाऊन ते मनात लिहून ठेवतो. ठळक अक्षरात. खाली रेघ मारून.

दुसऱ्यांचं सांगण्याआधी माझंच सांगते, म्हणजे नंतर कुणी "आक्का, तुमचं काय?" म्हणायला नको.

*

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या ऑफिसात एक माणूस लागतो. पूजा होईपर्यंत थांबायचं, माल मोजून घ्यायचा, कुलूप लावायचं. ती ड्यूटी आमचे स्टोअरकीपर गुरुनाथ यांची. पण त्यांचं गाव खानापूरच्या आतल्या अंगाला, बस मिळायची मारामार. एका वर्षी मी म्हटलं, "तुम्ही जावा, मी थांबते."

ते संकोचले. "तुमचीबी दिवाळी हाय की, आक्का."

मी म्हटलं, "मला बरंच आहे. घरात पाहुण्यांची गर्दी, तेवढीच माझी सुटका!"

हे अर्थातच खोटं होतं. निपाणीहून माझी आई यायची. तिचे हात आयुष्यभर विड्या वळून वाकलेले, तरी करंज्या तीच करायची, आणि मी इथं बॉक्स मोजत बसायची. दुसऱ्या वर्षी गुरुनाथनी विचारलंही नाही, गेले. तिसऱ्या वर्षीही गेले. मी वाट बघत राहिले की आज म्हणतील, उद्या म्हणतील, "आक्का, यंदा मी थांबतो." नाहीत म्हणाले! मग मी त्यांना चहा विचारणं बंद केलं. त्यांच्या मालाच्या चलानावर मुद्दाम सगळ्यात शेवटी सही करायला लागले. त्यांना वाटायचं, आक्कांचे गुडघे दुखत असतील.

चौथ्या वर्षी मी दाराआड उभी असताना ते नव्या अकाउंटंटला सांगत होते. "आक्कांना घरी लई तरास असतोय पाव्हण्यांचा. म्हणून मी दर दिवाळीला माझी ड्यूटी त्यास्नी सोडतो. एकदा तोंडातनं धन्यवाद म्हणून न्हाय!"

*

याच्या अगदी उलट आमचा वॉचमन मल्लेशी. मूळचा बैलहोंगलकडचा, कानडी माणूस, मराठी बोलतो पण वाक्याचं शेपूट कानडीत ठेवतो.

माझी स्कूटर उन्हातून सावलीत लावली की संध्याकाळी गेटवर दोन बोटं वर करतो. "आक्का, गाडी सावलीत लावली. नेनपिरली!" म्हणजे, आठवण असू द्या. आणि आठवण राहते की नाही याची परीक्षा तो घेत बसत नाही. गुरुवारी येऊन सरळ म्हणतो, "पोरीचा फॉर्म भरून द्या. गाडीचं फिटलं."

सुरुवातीला मला हे फार उथळ वाटायचं. एवढ्याशा गोष्टीचं काय बोलून दाखवायचं! पण शॉपमध्ये चाळीस माणसं आहेत, आणि ज्याच्याशी कधीच कुणाचं वाकडं आलं नाही असा एकच माणूस आहे. तो गेटवर बसतो.

*

आता शिवाजी अण्णा आणि बाळू आप्पा. आमच्या शॉपची खरी जोडी. दोघंही सीएनसी मशीनवर, वीस वर्षं शेजारी शेजारी. शिवाजी अण्णा उंच, बडबडे, पिरनवाडीला राहतात. बाळू आप्पा बुटके, दिवसाला मोजून बारा वाक्यं बोलणारे, खासबागेत राहतात.

अण्णांच्या पिरनवाडीतल्या घराचा स्लॅब टाकला, त्या दिवशी आप्पांनी रजा टाकून सकाळपासून पाट्या वाहिल्या. पुढं आप्पांच्या घराला रंग द्यायचा होता, तेव्हा अण्णा दोन रविवार शिडीवर उभे राहिले. झालं, फिटलं, असं तुम्हाला वाटेल. तसं काही नसतं.

एकदा चहाच्या सुट्टीत अण्णा माझ्याकडं आले. "आक्का, तुमी मोजमापातल्या. एक सांगा. दोन रविवार रंग म्हंजे जास्त, का एक दिवस स्लॅब?"

"का हो?"

"न्हाय, आपलं सहज."

तासाभरानं आप्पा आले. इकडंतिकडं बघितलं, मायक्रोमीटर उचलून परत ठेवला. "आक्का, स्लॅबला पाट्या वाहायच्या म्हंजे कंबर जाती. रंगाला काय, नुस्ता हात हालवायचा." आणि गेले! त्या दिवसाची त्यांची वाक्यं तिथंच संपली असावीत.

माझ्या टेबलावर केसाच्या जाडीचा तुकडा पाडून मोजणारी साधनं आहेत. एका स्लॅबचे किती रविवार होतात हे मोजणारं एकही नाही. आणि मजा म्हणजे दोघांनीही ते मला विचारलं, एकमेकांना नाही.

*

या जोडीची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे त्यांची मोटरसायकल. नऊ वर्षं दोघं एका गाडीवरून यायचे. अण्णा चालवणार, आप्पा मागं.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. पण पिरनवाडी आमच्या कंपनीपासून दहा मिनिटांवर आहे. खासबाग गावाच्या दुसऱ्या टोकाला! म्हणजे अण्णा रोज घरातून निघून कंपनीवरून पुढं जायचे, अख्खं बेळगाव ओलांडायचे, आप्पांना घ्यायचे आणि तेवढंच अंतर परत यायचे. सकाळी सातच्या पाळीला. मल्लेशी गेटवरून त्यांना रोज उलट्या दिशेला जाताना बघायचा आणि हात करायचा.

मी एकदा अण्णांना विचारलं. "करायचं की," ते म्हणाले, "बाळूचा पाय मोडलाता तवापासनं सोडतोय. त्यात काय एवढं!"

आणि मग आवाज खाली आणून, "पर आक्का, पाचला उठाय लागतंय. आनि बसतोय कसा, तर पाठीवर हात टेकून! उन्हाळ्यात नुस्ता घाम. म्हणलं हात काढ तर काढतोय, म्होरल्या चौकात पुन्हा ठेवतोय."

आप्पांना विचारलं, तर म्हणाले, "शिवाची गाडी हाय. बसायचं."

*

मग ती खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला प्रत्येक ऑपरेटर आपापलं मशीन धुऊन पुसून सजवतो. झेंडूच्या माळा, ऊस, नारळ, मशीनच्या दारावर हळदकुंकवाची बोटं. त्या दिवशी वीस वर्षं पूर्ण केल्याबद्दल मालकांनी आप्पांना शाल घातली आणि वर त्यांना चार शब्द बोलायला लावलं.

"मालकांचे आभार," आप्पा म्हणाले. "आईवडलांचे आभार. बायकोचे आभार." थांबले. वळून आपल्या मशीनकडं बघितलं, त्याला नमस्कार केला. "मशीनचे आभार."

आणि बसले! टाळ्या पडल्या. मी सहज अण्णांकडं बघितलं. हातातला पेढा तसाच होता.

दसरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी दुपारची पाळी मागून घेतली. गाडी खासबागेला जायची बंद. मला म्हणाले, "आक्का, मशीनचंबी नाव घेतलं त्यानं! लोखंडाचं! नऊ वर्षं मी काय पेट्रोल म्हणून जळत हुतो?"

आप्पांना मी गाठलं. म्हटलं, एक शब्द अण्णांसाठी बोलला असता तर काय बिघडलं असतं?

आप्पांना खरोखरच नवल वाटलं. "आपल्याच मानसाचे आभार मानायचे व्हय? मग त्यो परका न्हाय का झाला?" मग म्हणाले, "नऊ वर्षं सोबत केली, आक्का. एका दिसात टाकून गेला."

मी ऐकलं आणि त्यांच्या रागाचा भाग म्हणून सोडून दिलं. सोबत कुणी कुणाला केली, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. नाही विचारलं, माझीच चूक.

*

दुपारच्या पाळीत अण्णांच्या वाट्याला आप्पांचंच मशीन आलं, आप्पा सकाळी आणि अण्णा दुपारी. तीन वाजता पाळी बदलते. आमच्याकडं रीत अशी की जाणाऱ्यानं येणाऱ्याला तोंडानं सांगून जायचं, टूल किती झिजलंय, माप कुठं चाललंय, झिजेपोटी मशीनमध्ये किती आकडा वाढवलाय, म्हणजे दुरुस्ती किती दिलीय. रजिस्टर असतं, पण खरा कारभार तोंडी. हे दोघं मात्र तीन वाजता एकमेकांकडं पाठ करून हातमोजे घालायचे.

एका मंगळवारी आप्पांनी शेवटचा पीस मोजला. पंपाची बॉडी, आतलं भोक वीस मायक्रॉन लहान. टूल झिजलं होतं. त्यांनी माप रजिस्टरमध्ये लिहिलं, मग मशीनला वीसची दुरुस्ती दिली आणि गेले. दुरुस्ती दिल्याचं लिहायचं राहिलं. ते तोंडानं सांगायचं असतं ना!

अण्णा आले. रजिस्टर बघितलं. वीस कमी! मनात म्हणाले, बाळ्या दुरुस्ती द्यायला विसरला. आता हे ओरडून सांगता आलं असतं, मालकांना दाखवता आलं असतं. पण नाही. वीस वर्षांचा दोस्त, त्याची चूक झाकायची! अण्णांनी गुपचूप आणखी वीस दिले आणि मनात आणखी एक ओळ लिहिली, खाली रेघ मारून.

पहिला पीस त्यांनी मोजला का नाही? मी नंतर हेच विचारलं. तर म्हणाले, "बाळूनं मोजलेलं मी पुन्हा कशाला मोजू? त्याचं माप कवा चुकत न्हाय." बोलणं बंद, पण मापावर एवढा विश्वास!

मी पाच वाजता फेरीला गेले तोवर चाळीसेक बॉड्या झाल्या होत्या. सगळ्यांचं भोक वीस मायक्रॉन मोठं. भोक लहान राहिलं तर पुन्हा कापता येतं. मोठं झालं की काही करता येत नाही. लाल रंग लावायचा आणि भंगारात टाकायचं. मी लाल रंगाचा डबा घेऊन बसले आणि एकेका बॉडीवर फुली मारत गेले.

बुधवारी आप्पा मालकांच्या केबिनमध्ये गेले. निपाणीला कंपनीची नवी शेड सुरू होत होती. "मला तिकडं पाठवा," म्हणाले. मालक म्हणाले, शनिवारी सांगतो. मला हे कळलं आणि खरं सांगते, हातातलं काम सुचेना. निपाणी माझं माहेर, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते गाव मला शत्रू वाटलं. एकदा आप्पा तिकडं गेले की हे दोघं पुन्हा कधी बोलणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

*

शनिवारी आणखी एक गोष्ट द्यायची होती. माल रिजेक्ट झाला की पुण्याचा कस्टमर एक फॉर्म मागतो. त्यात पाच वेळा "का?" विचारायचं असतं. पहिल्या उत्तराला पुन्हा का, त्या उत्तराला पुन्हा का. पाचव्याला म्हणे खरं कारण सापडतं. आम्ही एरवी पाचही उत्तरं घरबसल्या बनवतो. यावेळी मी ठरवलं, बनवायची नाहीत.

दोघांना मापाच्या खोलीत बोलावलं. तिथं एसी वीस डिग्रीवर असतो, लोखंड फुगू नये म्हणून. दोघं अंग आखडून समोरासमोर बसले. मी दार लावलं आणि फॉर्म पुढं ठेवला.

"पहिला का. भोक मोठं का झालं?"

"दुरुस्ती दोनदा पडली," अण्णा.

"दोनदा का पडली?"

"सांगितलं न्हाय," आप्पा.

"का नाही सांगितलं?"

दोघंही एसीकडं बघायला लागले. शेवटी अण्णा म्हणाले, "बोलत न्हाय आमी."

"का बोलत नाही? हा चौथा. इथं कंपनीचं नाही, खरं लिहायचं."

आणि अण्णा फुटले! "नऊ वर्षं, आक्का! माझ्या घरातनं कंपनी धा मिंटावर. मी हितनं म्होरं जातोय, खासबाग गाठतोय, ह्येला घेतोय, पुन्हा मागं येतोय. पावसात, थंडीत. पोराचा वाढदिवस असू दे, घरात पाव्हणं असू दे. एकदा तरी म्हणलाय का, शिवा, तुला तरास हुतोय?"

आप्पा त्यांच्याकडं बघतच राहिले. "मी कवा म्हणलो ये म्हणून?"

"तुझा पाय मोडलाता की!"

"प्लास्टर दीड म्हैन्यात काढलं की रं!"

"मग सांगायचं न्हाय?"

"तू इचारलास?"

मी पेन हातात धरून बसले होते. फॉर्मवर एकच जागा उरली होती. म्हटलं, "पाचवा का, आप्पा. पाय बरा झाला होता, तर नऊ वर्षं मागं बसलात का?"

मला वाटलं, आप्पांची आजची बारा वाक्यं संपली. मग खाली बघत म्हणाले, "तवा ह्येला चक्कर यायची. बीपीची. वैनी माज्या घरला आलती, रडत हुती. म्हणली, भावजी, त्यास्नी गाडीवर एकटं सोडू नगा. मी म्हणलो, न्हाय सोडत."

अण्णांचा चेहरा उतरला. "तुला म्हाईत हुतं?"

"म्हणून पाठीवर हात ठेवायचो. झुकलास तर कळावं म्हणून. तू म्हणायचास, घाम येतोय, काढ."

मला रडू येत होतं, पण फॉर्म ओला झाला असता. आणि मग एकदम अण्णांच्या डोक्यात काहीतरी शिरलं.

"आरं पर बाळ्या! पिरनवाडीतनं खासबागेपातूर तर मी रोज एकटाच येत हुतो की!"

नऊ वर्षांत हे आप्पांच्या ध्यानातच आलं नव्हतं!

"आनि माज्या दारातनं बस सुटती," आप्पा म्हणाले. "सरळ उद्यमबाग. खिडकी रिकामी. नऊ वर्षं तुज्या मागं बसून त्या बसकडं बगतोय!"

हसायला आधी कोण लागलं ते मला सांगता येणार नाही, बहुतेक मीच. मल्लेशी बाहेरून दार वाजवायला लागला, आत काय झालं म्हणून. अण्णा हसता हसता टेबलावर पडले होते आणि आप्पांचा हात त्यांच्या पाठीवर होता.

फॉर्मवर मी लिहिलं, कारण: तोंडी सांगितलं नाही. उपाय: ऑपरेटर एकमेकांशी बोलतील. कस्टमरचा उलट मेल आला, उपाय मान्य, पुरावा म्हणून फोटो जोडा! मी दोघांना मशीनपुढं उभं करून बोलायला लावलं. फोटोत आप्पांचं तोंड उघडं आहे, असा त्यांचा हा एकमेव फोटो.

त्याच शनिवारी आप्पांनी केबिनमध्ये जाऊन निपाणीचं रद्द केलं. मालकांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "लांब पडतंय."

*

अण्णा पुन्हा सकाळच्या पाळीला आले. मी मनाशी ठरवून टाकलं, आता सगळं सरळ झालं. अण्णा दहा मिनिटांत घरून येतील, सहापर्यंत झोपतील. आप्पा दारातल्या बसमध्ये खिडकीपाशी बसतील.

सोमवारी मी मुद्दाम लवकर येऊन गेटवर मल्लेशीजवळ थांबले. पावणेसातला खासबागेची बस आली. आप्पा उतरले. अंघोळ करून, भांग पाडून, खुशीत. त्यांच्या मागून डबा सावरत शिवाजी अण्णा उतरले!

"अण्णा, तुम्ही बसमधून? गाडी कुठाय?"

"बाळूच्या दारात लावलीया."

"मग पिरनवाडीहून खासबागेला कसे गेलात?"

"गाडीवरनंच की!" अण्णा म्हणाले. "चल रं बाळू, सात वाजाय आलं."